पालकमंत्री महोदय, त्या गोषवाऱ्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा, यांस सविनय नमस्कार.

"पुनर्विलोकन समितीपुढे फक्त तारखा आणि कागद जातील, कुणाचं मत जाणार नाही," असा शब्द आपण जनता दर्शनात दिला होतात. माझ्या निलंबनाच्या फाईलीचा गोषवारा म्हणून त्या समितीसाठी केलेला घटनाक्रम काल माझ्या हाती पडला. तिसऱ्याच ओळीत आहे: "कर्मचाऱ्याने खुलासा देण्यास टाळाटाळ केली."

साहेब, टाळाटाळ ही घटना कधीपासून झाली?

दोषारोपपत्रावर तारीख 4 मार्च 2024. जावक वहीत ते 18 मार्चला नोंदलं गेलं आणि पोचपावतीवर माझी सही 21 मार्चची. मिळाल्यापासून 15 दिवसांत खुलासा द्या, असं त्याच पत्रात छापलंय, म्हणजे मुदत 5 एप्रिलपर्यंत. माझा खुलासा 3 एप्रिलला आवक शिक्क्यासह जमा झाला. पण घटनाक्रम करणाऱ्या महाशयांनी 4 मार्चपासून दिवस मोजले आणि मला 15 दिवस उशीर झाल्याचं दाखवून मोकळे झाले. पत्र चौदा दिवस कचेरीच्या कपाटात होतं, त्याचा उशीर कुणाच्या नावावर?

असा घटनाक्रम करायला फार अक्कल लागत नाही. पत्राची तारीख, रवाना झाल्याची तारीख आणि हाती पडल्याची तारीख यांना तीन वेगळे रकाने द्यायचे. प्रत्येक ओळीसमोर फाईलीतलं पान लिहायचं. आरोप असेल तिथे "आरोप आहे" आणि चौकशीत ठरलं असेल तिथेच "सिद्ध" म्हणायचं. कागद सापडला नाही तर "फाईलीत आढळत नाही" एवढंच लिहून थांबायचं. माझ्याबाबत चार आरोप होते. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन अमान्य केले, पण घटनाक्रमात फक्त उरलेले दोनच आहेत. चौकशी अहवालाची प्रत मला कधी दिली, ती ओळही नाही. ही प्रत कर्मचाऱ्याला द्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलंय. दिलीच नसेल तर लिहिणार तरी काय म्हणा.

इकडे मी निर्वाह भत्त्यावर दिवस काढतोय. मुलीची फी सोसायटीच्या कर्जातून गेली. गावात लोक विचारतात, "अजून घरीच?" माझ्यासारख्यांच्या निम्म्या फायली अशाच रंगवलेल्या असणार, खोटं वाटत असेल तर एकदा मोजून दाखवा. सुवर्णसौधमध्ये दर हिवाळ्यात सरकार येतं, जेवतं, निघून जातं. आम्ही सीमाभागातले लोक 1956 पासून कुणाच्या तरी टिप्पणीतच जगतोय, आणि वरचा साहेब फाईल उघडत नाही, गोषवाऱ्यावरच सही ठोकतो.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी तो घटनाक्रम मागे घ्या, आवक-जावक वह्या समोर ठेवून नवा करायला सांगा आणि त्याची प्रत मला द्या. माझी हरकत असेल ती शेजारच्या रकान्यात माझ्याच शब्दांत राहू द्या. आणि ही प्रत तरी 14 दिवस कपाटात ठेवू नका.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक निलंबित कारकून