३० मिलीच्या बाटलीवरही अल्कोहोलची टक्केवारी छापा

मा. केंद्रीय आयुष मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मामांची दारू सुटून सात महिने झाले. डायसल्फिराम चालू आहे. ही गोळी घेताना पोटात अल्कोहोल गेलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणून डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाचंही लेबल वाचायला सांगितलंय. झोप लागत नाही म्हणून कुणीतरी त्यांना होमिओपॅथीच्या दोन बाटल्या आणून दिल्या: काली फॉस ६एक्सच्या गोळ्या आणि पॅसिफ्लोराचं मदर टिंक्चर.

गोळ्यांचं लगेच समजलं. काली फॉस हा बाराक्षारांपैकी एक; त्यांत मूळ क्षार लॅक्टोजमध्ये, म्हणजे दुधातल्या साखरेत, एकास नऊ या प्रमाणात घोटतात. ६एक्स म्हणजे हेच सहा वेळा, म्हणून क्षार उरतो दहा लाखांत एक भाग. उरलेलं लॅक्टोज. ज्यांना ते पचत नाही त्यांनी सांभाळावं, मामांना अडचण नव्हती.

दुसऱ्या बाटलीवर नाव, क्यू हे अक्षर, '३० मिली' आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याने'. टक्केवारी कुठेच नाही. क्यू म्हणजे मदर टिंक्चर किंवा मूलार्क, वनस्पतीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, हे माहीत असेल त्यालाच त्या अक्षरातून इशारा मिळतो. (आमच्या मावशीला 'मदर' म्हणजे बाळंतिणीचं औषध वाटलं होतं.)

मला वाटलं, कंपनीची चूक असेल. तशी ती नाही. औषध नियमांतला १०६-अ अल्कोहोलचं प्रमाण लेबलवर मागतो, पण ३० मिली किंवा त्याहून लहान बाटलीला सूट देतो. लगेच पुढचा १०६-ब म्हणतो की १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायचं नाही. रुग्णालयांना तेवढी १०० मिलीपर्यंत मुभा. दोन्ही एकत्र वाचा, साहेब. ज्या औषधांत अल्कोहोल सर्वांत जास्त, तीच लहान बाटलीत येतात आणि लहान बाटली म्हणून प्रमाण सांगण्यातून सुटतात.

दहा थेंब अर्ध्या कप पाण्यात घेतले तर अल्कोहोल फार नसतं, हे मान्य. पण समजा अर्क ६५ टक्क्यांचा आहे आणि दहा किलोच्या मुलाने अख्खी बाटली प्यायली. पोटात साडेएकोणीस मिली, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. एवढ्याशा जिवासाठी ही विषबाधाच. त्या वेळी दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, "किती टक्के होतं?"

औषधाला गुण येतो की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. लेबलवर जागा नाही हे कारणही पटत नाही, कारण बॅच क्रमांक आणि किंमत तिथे मावतेच. १०६-अ मधली ३० मिलीची सूट काढा. टक्केवारी क्यूच्या शेजारी छापायला लावा आणि क्यूखाली 'मूलार्क, पाण्यात मिसळून थेंबांनी' एवढं मराठीत असू द्या.

मामांची बाटली अजून न उघडता फळीवर आहे.

आपला,
एक भाचा