सिस्टर, नोंदवहीचा अहवाल झाला, त्याबद्दल

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

मोखाड्याच्या शिबिराचा अहवाल काल पाठवला. उपकेंद्राची ओपीडी संपवून तुम्ही आमच्यासोबत नोंदवही घेऊन बसलात, त्याचे आभार फोनवर नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

बसल्या बसल्या तुम्ही विचारलंत, "ओळी मोजताय की माणसं?" बीपी, शुगर आणि डोळे अशी तीन टेबलं, तिन्हीकडे वेगळी पानं. पंचावन्न वर्षांच्या त्या मावशी पहिल्या पानावर नवऱ्याच्या नावासह होत्या, दुसऱ्यावर नुसत्या हाकेच्या नावाने, तिसऱ्यावर फक्त आडनावाने. वय, पाडा आणि नवऱ्याचं नाव जुळवून तुम्ही तिघींची एक बाई केलीत. बीपी १६८/१०२, जेवणानंतरची शुगर २३६, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. म्हणजे रुग्ण एक, आढळलेल्या तक्रारी तीन आणि चिठ्ठ्या दोन: बीपी-शुगरसाठी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाची, डोळ्यासाठी जव्हारच्या कुटीर रुग्णालयाची. हे तीन आकडे अहवालात तीन वेगळ्या रकान्यांत गेले, एकमेकांत मिसळले नाहीत.

"उच्च रक्तदाबाचे रुग्ण" हे शीर्षक खोडून "बीपी वाढलेलं आढळलं, पुन्हा मोजणं गरजेचं" असं तुम्ही लिहायला लावलंत. चढण चढून आलेल्या माणसाचं एकदाच घेतलेलं १४०/९० म्हणजे निदान नव्हे, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांना त्या एका ओळीने कळलं. रिकाम्या रकान्यांचंही तेच. मशीनचे सेल संपल्यावर आलेल्यांचं बीपी घेतलंच गेलं नव्हतं, त्यांना "नॉर्मल"मध्ये ढकलायला तुम्ही साफ नकार दिलात. त्यांची "तपासणी राहिली" अशी वेगळी यादी झाली आणि टक्केवारी फक्त तपासलेल्यांवर काढली.

सगळ्यात उपयोग झाला तो फेरभेटीच्या रकान्याचा. आमच्याकडे "गेले" आणि "गेले नाहीत" एवढंच होतं. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यामुळे "पोहोचले, निदान पक्कं झालं", "पोहोचले, औषध सुरू नाही", "गावात आहेत पण गेले नाहीत" आणि "स्थलांतर, कुठे ते माहीत" असे चार प्रकार झाले. शेवटच्या प्रकारातल्यांसाठी फोन हाच मार्ग उरतो, आशाताईला रोज त्यांच्या कुलूप लावलेल्या घरी धाडण्यात काय अर्थ? (आशाताईंनी तुम्हाला मनोमन हात जोडले असतील.)

नावांची यादी अहवालात नाही, ती फक्त तुमच्याकडे आणि आशाताईंकडे आहे. छोट्या पाड्यात "संशयित क्षयरोग – १" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना माणूस कळतो, म्हणून ते आकडे आम्ही तालुका पातळीवर एकत्र केले.

मावशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन आल्या, गोळ्या चालू आहेत. जव्हारची चिठ्ठी मात्र अजून घरातच आहे, सोबत कोणी नाही म्हणतात. येत्या सोमवारी आमची गाडी तिकडे जाणार आहे, तुम्ही त्यांना निरोप द्याल का?

आपली,
शिबिराची नोंदवही सांभाळणारी