इंटर्नशिप संपली, आभार राहिले होते

काल सहा महिन्यांची इंटर्नशिप संपली. टीमचे आभार मानताना एकच आठवडा डोळ्यांसमोर येतो.

तापमानाचा सेन्सर टेबलावर नीट चालायचा, पण पेटीत लांब तारेने जोडला की मधूनच गप्प व्हायचा. मी चार दिवस कोडच चाळत बसलो. मेंटर सर एवढंच म्हणाले, "कोड राहू दे, आधी तार बघ." सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तर सेन्सर ज्या दोन तारांवरून बोलतो त्या I2C चा सिग्नल सरळ वर चढण्याऐवजी शार्कच्या पंखासारखा वाकत होता. सिग्नल वर खेचणारे पुल-अप रेझिस्टर 10 किलोओहमचे, तारेसकट कपॅसिटन्स साधारण 100 पिकोफॅरड. म्हणजे चढायला सुमारे 850 नॅनोसेकंद, आणि 400 किलोहर्ट्झच्या वेगाला मुभा फक्त 300 ची! 2.2 किलोओहम लावल्यावर हाच वेळ 190 च्या आत आला आणि सेन्सर बोलू लागला.

उत्तर सरांना पहिल्याच दिवशी ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे. तरी त्यांनी मला शोधू दिलं. प्रोब धरायला शिकवणाऱ्या ताई, माझं कच्चं सोल्डरिंग न हसता (बरं, थोडंसं हसून) दुरुस्त करणारे दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ते काढलेले दोन रेझिस्टर मी खिशात घालून आणलेत, सर. परत मागू नका.