सवलतीचं कुपन आणि पेशंटचा शब्द

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत दातांच्या दवाखान्यांना दिलेला एक सल्ला वाचला. जुन्या पेशंटना ‘नवा पेशंट आणा, सवलत मिळवा’ अशी योजना द्यावी, म्हणजे जाहिरातीशिवाय दवाखाना वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. मी दंतवैद्य आहे. हीच योजना मी तीन महिने चालवली आणि मग बंद केली. पेशंटनी पेशंट पाठवावेत ही इच्छा चुकीची नाही, ती मलाही आहे. चूक त्या कुपनात होती, आणि ती मला ज्या दिवशी कळली तो दिवस सविस्तर सांगतो.

आमच्या कुपनाचा नियम साधा होता. नव्या पेशंटने काही उपचार करून घेतले की त्याला पाठवणाऱ्याला पुढच्या बिलात सूट. नुसत्या तपासणीवर सूट ठेवली असती तर कोणीही कोणालाही घेऊन आलं असतं, म्हणून ‘उपचार’ ही अट घातली. एकदा आमच्या एक जुन्या पेशंट मैत्रिणीला घेऊन आल्या. मैत्रिणीच्या दोन दाढांवर खडूसारखे पांढरे डाग होते. दाढा हवेने कोरड्या करून नीट पाहिलं तर दाताचं वरचं कवच कुठेही फुटलेलं नव्हतं, आणि एक्स-रेमध्ये कीड आत उतरलेली दिसत नव्हती. अशी दाढ कोरून भरायची नसते. फ्लोराइडचं वार्निश लावायचं, घासण्याची पद्धत सुधारायची, दिवसभरात गोड किती वेळा तोंडात जातं ते कमी करायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. मी तसंच सांगितलं. बाहेर काउंटरवर जुन्या पेशंटबाईंनी अगदी सहज विचारलं, “म्हणजे फिलिंग नाही? मग माझी सवलत?” मैत्रीण शेजारीच उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. ती पुन्हा आली नाही.

बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी मीच केलेला नियम वाचून दाखवला होता. पण त्या नियमामुळे ‘तुम्हाला उपचाराची गरज नाही’ या वाक्याची किंमत माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मोजावी लागत होती. दातांच्या कामात भरावं की थांबावं, असा काठावरचा निर्णय रोज येतो. त्या क्षणी बाहेर सवलतीची वाट पाहत कोणी बसलेलं आहे, ही जाणीव डोक्यात असताच कामा नये. अनेक देशांच्या दंतवैद्यक आचारसंहिता पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध मानतात, त्यामागचं कारण हेच आहे. पेशंटला दिलेली सवलत किंवा भेटवस्तू त्यात धरायची का, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. म्हणून कुठलीही योजना छापायला देण्याआधी आपल्या दंत परिषदेची संहिता वाचून घ्यावी.

दुसरं नुकसान हळूहळू दिसलं. कुपनावर आलेला माणूस फोनवर पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ असा विचारायचा. क्लीनिंग करून जायचा आणि पुढच्या तपासणीच्या फोनला उत्तर द्यायचा नाही. त्याउलट कोणाच्या शब्दावर आलेला माणूस विचारायचा, ‘माझ्या बहिणीची दाढ कोणत्या डॉक्टरांनी केली?’ सुईला आणि मशीनच्या आवाजाला लोक घाबरतात. ती भीती फक्त तोच घालवू शकतो, ज्याला यात काही मिळणार नाही याची ऐकणाऱ्याला खात्री असते. कुपन हातात आलं की ती खात्रीच जाते.

मग योजना मुळापासून बदलली. पहिलं काम केस पेपरवर केलं. ‘आमचं नाव कोणी सुचवलं?’ हा रकाना होताच, त्याखाली ‘त्यांनी काय सांगितलं?’ अशी एक ओळ वाढवली. रिसेप्शनिस्टला सूचना एवढीच होती की उत्तर पेशंटच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. दोन महिन्यांनी ते कागद घेऊन बसलो. आमच्या नव्या एक्स-रे मशीनचं नाव एकाही कागदावर नव्हतं. ‘इंजेक्शन कळत नाही’ आणि ‘आधी सगळं सांगतात, मगच हात लावतात’ ही दोन वाक्यं पुन्हा पुन्हा होती. पहिल्यामागे काही जादू नाही. सुई टोचण्याआधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि मग औषध अगदी सावकाश सोडायचं, इतकंच. पण लोक आपल्याला कशासाठी ओळखतात ते आम्हाला त्या ओळीतून कळलं, आणि बाहेर सांगण्यासारखं तेवढंच होतं.

सर्वांत जास्त विचार आम्ही कधी आणि कोणी सांगायचं यावर केला. रूट कॅनॉल झालेल्या दिवशी पेशंटचा ओठ दोन-तीन तास बधिर असतो, तो थकलेला असतो आणि नुकतंच बिल भरलेलं असतं. त्या वेळी ‘आमचं नाव सांगा’ म्हणणं त्याला नकोसं वाटतं. दुसऱ्या दिवशी आम्ही फोन करतो तो फक्त दुखतंय का, चावताना लागतंय का हे विचारायला, आणि तो तेवढ्यासाठीच राहिला पाहिजे. कॅप बसली, पेशंट आठ-दहा दिवस त्या बाजूने जेवला आणि तपासायला आला, की त्याच्याकडे स्वतःचा अनुभव असतो. तेव्हासुद्धा विषय त्याने काढला तरच बोलायचं. आणि बोलायचं ते डॉक्टरांनी, खुर्चीजवळ. काउंटरवर बिलाशेजारी तीच गोष्ट विक्रीसारखी ऐकू येते. रिसेप्शनिस्टला दर पेशंटमागे बक्षीस देण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी घेतला नाही, कारण त्याने कुपनाचा आजार फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेला असता.

एक उदाहरण देतो. कॅप तपासायला आलेल्या एक बाई उठता उठता म्हणाल्या, “ह्यांची पण दाढ दुखते, पण घाबरतात, येतच नाहीत.” मी म्हटलं, “त्यांना नुसतं बोलायला घेऊन या. पहिल्या दिवशी मी हातात काही घेणार नाही. तोंड उघडायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.” आणि एक कार्ड दिलं. एकच दिलं, कारण गठ्ठा दिला की ते पत्रक होतं. पुढच्या आठवड्यात ते आले, वीस मिनिटं बोलले आणि गेले. दहा दिवसांनी स्वतः फोन करून वेळ घेतली. यासाठी आम्ही आठवड्यात अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन वेळा राखून ठेवतो आणि आदल्या संध्याकाळपर्यंत कोणाला देत नाही. कोणाच्या शब्दावर आलेल्या माणसाला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, तर शब्द देणाऱ्याचीच अडचण होते.

कार्डावर दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, फोन आणि वेळा आहेत. टक्के नाहीत, ‘तज्ज्ञ हात’ वगैरे विशेषणंही नाहीत. मागच्या बाजूला मुलाचा पक्का दात पडून मुळासकट बाहेर आला तर काय करायचं, ते छापलं आहे. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुडवून काढा, घासू नका. जमलं तर लगेच जागेवर बसवून रुमालावर दाबून धरायला सांगा. नाही जमलं तर दुधात ठेवून ताबडतोब या, पाण्यात ठेवू नका. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात बहुतेक मरतात, म्हणून ही घाई. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. ही बाजू उपयोगाची असल्यामुळे लोक कार्ड जपून ठेवतात आणि दुसऱ्याला देताना त्यांना संकोच वाटत नाही.

आभार मानायला आम्ही हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवतो, वस्तू नाही. त्याआधी नव्या पेशंटला विचारतो, ‘तुम्ही आलात हे त्यांना कळवलं तर चालेल ना?’ तो नको म्हणाला तर चिठ्ठी जात नाही. कारण इथे एक खड्डा आहे, आणि आम्ही त्यात एकदा पाय घातला होता. एका पेशंटने काउंटरवर विचारलं, “माझ्या जावेचं काय निघालं?” आणि रिसेप्शनिस्टने सहज सांगून टाकलं. नातेवाईक असली, तिनेच पाठवलेली असली, तरी एकाच्या तोंडातली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचा हक्क आम्हाला नव्हता. जाऊबाईंनी मला फोन करून तसं सुनावलं आणि त्या बरोबर होत्या. आता काउंटरवरचं उत्तर ठरलेलं आहे: ‘ते त्याच सांगतील.’

योजना चालते की नाही हे आलेल्या डोक्यांवरून मोजू नये. मी वर्षातून एकदा दोनच गोष्टी पाहतो. शब्दावर आलेल्यांपैकी किती जण वर्षाच्या तपासणीला परत आले, आणि त्यांच्यापैकी किती जणांचं नाव पुढे कोणाच्या तरी रकान्यात लागलं. एकच नाव अचानक फार वेळा दिसू लागलं तर मात्र चौकशी करतो, कारण कोणी तरी बाहेर परस्पर पैसे घेत असण्याची शक्यता असते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नव्या दवाखान्यात, जिथे मुळात पेशंटच मोजके आहेत, तिथे याने खुर्ची भरणार नाही, आणि दवाखान्याच्या कर्जाच्या हप्त्याची तारीख कुपनासारखी कार्डाने सांभाळली जाणार नाही. माझ्याकडे पहिल्या सहा महिन्यांत कुपनाच्या एका महिन्यापेक्षाही कमी माणसं आली. दुखत असलेल्या, तक्रार असलेल्या किंवा बिल थकलेल्या पेशंटशी आम्ही हा विषय काढतच नाही, त्यामुळे संख्या आणखी घटते. ज्यांना त्या काळात तग धरायचा आहे त्यांनी आपल्या उपचारांची सरळ, परवानगीच्या चौकटीतली माहिती द्यावी, पण पेशंटला दलाल करू नये.

आपल्या पुरवणीत त्या लेखासोबत कुपनाचा एक नमुना छापला होता. त्याच आकारात आमच्या कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर छापता आला तर पाहावं. दवाखान्याचं नाव घालू नये. पडलेला दात दुधात ठेवायचा हे शाळेतल्या शिक्षकांना आणि पालकांना माहीत असणं, मुलाला माझ्याकडे आणलं किंवा दुसऱ्या कोणाकडे, तरी सारखंच कामाचं आहे.

आपला,
एक दंतवैद्य वाचक