फायर वॉर्डन प्रशिक्षणातील त्रुटींबाबत तक्रार

रत्नागिरी
दि. 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक,
अग्निसुरक्षा प्रशिक्षण विभाग

विषय : प्रशिक्षण पुन्हा घेऊन देण्याबाबत

महोदय,

आपण जूनमध्ये आमच्या तीन मजली कार्यालयातील सहा कर्मचाऱ्यांना फायर वॉर्डनचे प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रे दिलीत. 10 जुलैला आम्ही मॉक ड्रिल घेतली, तेव्हा त्यातील उणिवा उघड झाल्या.

घंटा वाजल्यावर मंडळी फाटकाबाहेर आली. पाऊस कोसळत असल्याने निम्मी समोरच्या दुकानाच्या वळचणीला उभी राहिली. वॉर्डनने डोकी मोजली ती 41 भरली, मस्टरवर सह्याही 41 होत्या, म्हणून त्याने सर्व बाहेर असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात त्या 41 मध्ये दोन ग्राहक आणि टपरीवरून चहा घेऊन आलेला मुलगा होता, म्हणजे आमची तीन माणसे आतच होती. मस्टर आणि अभ्यागत नोंदवही घेऊन नावे पुकारली असती, तर हे लगेच कळले असते. आपल्या प्रतिनिधींना फोन केला, तेव्हा “आकडा जुळला ना?” एवढेच उत्तर मिळाले.

आत राहिलेल्यांपैकी एक जण स्वच्छतागृहात होता, तर दुसरा रेकॉर्ड रूममध्ये. वॉर्डनने पॅसेजमध्ये उभे राहून “कोणी आहे का?” अशी हाक मारली आणि तो खाली उतरला, कारण मजला कसा तपासायचा हे त्याला प्रत्यक्ष करून दाखवलेच नव्हते. जिन्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला सुरुवात करून जिन्याकडे येत प्रत्येक खोलीत डोकावायचे, बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहायची, दार गरम लागले तर ते न उघडता खाली कळवायचे, तपासलेल्या खोलीचे दार कुलूप न लावता ओढून घ्यायचे आणि धूर दिसला तर तपासणी सोडून स्वतः बाहेर पडायचे, हे जागेवर करवून घ्यायला हवे होते.

तिसऱ्या आमच्या ज्येष्ठ लेखनिक बाई. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या एकेक पायरी उतरतात. त्या जिन्याच्या वळणावर कठडा धरून एकट्याच उभ्या होत्या. “हळू चालणाऱ्यांना मदत करा” हे आपल्या पुस्तिकेतले वाक्य कोणालाच लागू पडले नाही, कारण मदत कोणी करायची हे ठरले नव्हते. अशा व्यक्तीसाठी दोन मदतनीस आणि त्यांच्या रजेच्या दिवसासाठी एक बदली माणूस नावानिशी नेमावा लागतो. शिवाय कशी मदत हवी हे त्या व्यक्तीलाच विचारावे लागते. आम्ही नंतर विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “मला उचलू नका. गर्दी ओसरली की कठड्याच्या बाजूने उतरेन, एकाने माझ्यापुढे एक पायरी खाली राहावे.”

तरी हे तिन्ही भाग आमच्याच जिन्यावर, सभागृहात नव्हे, विनामूल्य पुन्हा शिकवावेत. पंधरा दिवसांत तारीख न कळवल्यास बिलाची उर्वरित रक्कम अदा केली जाणार नाही.

आपला,
व्यवस्थापक (प्रशासन)