सूचना: रविवारच्या कॉफीसाठी पेला घरून आणावा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 7 वाजता इंदूरच्या आपल्या सभागृहात गाण्याची मैफल आहे. नंतर कॉफी आहेच, पण कागदी कप नसतील.

या कपांना आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात 85-90 अंशांचे 100 मिली पाणी 15 मिनिटे कपात ठेवले, तर सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले. शरीरावर परिणाम किती, हे अजून ठरलेले नाही. पण आपल्या गप्पांत कप तेवढा वेळ हातात राहतोच!

- स्टीलचा पेला आणावा. विसरल्यास कुल्हड आहेत, मोजकेच.
- घरी न्यायची असल्यास थर्मास आणा. ‘कंपोस्टेबल’ कप नकोत. त्यांतही बहुधा पीएलए प्लॅस्टिकचा थर असतो.

— कार्यवाह