यंदा गणपतीला मी येत नाहीये

ती. आई-बाबा, सा. न.

आई, आधीच सांगते, मी बरी आहे, आत्ता मऊ भात मेतकूट खाऊन बसलेय आणि निलेश बाजूलाच आहे. यंदा गणपतीला मात्र येणार नाही. फोनवर सांगायला गेले असते तर तू रडली असतीस, मग मी पण, म्हणून लिहितेय.

मला दिवस गेले होते. तुला सातव्या आठवड्यात सरप्राइज द्यायचं ठरवलं होतं. पण सहाव्यातच तपकिरी डाग दिसायला लागले आणि पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. मला आधी गॅसच वाटला, सवयीप्रमाणे ओवा खाल्ला. दोन दिवसांनी डॉक्टरकडे गेलो. आतून सोनोग्राफी केली तर पिशवी रिकामी. बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले की रक्तात वाढणारं हार्मोन, आला १,३२०. डॉक्टर म्हणाल्या एवढ्या आकड्याला कधीकधी गर्भ दिसतच नाही, नुसत्या एका रिपोर्टवर काही ठरवता येणार नाही, ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त द्या. ते दोन दिवस कसे काढले ते विचारू नकोस.

दुसरा आकडा आला १,६१०. मला वाटलं वाढला म्हणजे चांगलंच ना! पण पिशवीत नीट वाढणारा गर्भ असता तर इतक्या कमी आकड्यापासून दोन दिवसांत निदान निम्म्याने तरी वाढायला हवा होता, म्हणजे साधारण १,९७०. आपोआप पडत असता तर आकडा उतरला असता. आमचा अधेमधे रेंगाळत होता. परत सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या अंडाशयाशेजारी सव्वादोन सेंटिमीटरची गोल कडी दिसली. गर्भ नळीत होता. ठोका नव्हता आणि पोटात रक्त साचलेलं नव्हतं, हे नशीब.

तू विचारशीलच म्हणून लिहिते, तो तिथून काढून पिशवीत ठेवता येत नाही गं. मीही तेच विचारलं होतं.

दोन रस्ते होते. दुर्बिणीतून ऑपरेशन करून नळी काढायची, की मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन. बाबा, तुम्ही मोबाइलवर शोधाल आणि कॅन्सरचं औषध म्हणून घाबराल. त्यातही वापरतात, पण इथे सहसा एकच डोस असतो. भराभर वाढणाऱ्या पेशी ते थांबवतं, मग शरीर हळूहळू ते विरघळवून टाकतं. नळी फुटलेली नाही, ठोका नाही, आकडा ५,००० च्या बराच खाली, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट नॉर्मल, शिवाय लॅब दहा मिनिटांवर, म्हणून मला ते चाललं. यातलं एक जरी बिनसलं असतं तर मी ऑपरेशनलाच हो म्हटलं असतं, खरंच. दुसरी नळी चांगली असेल तर एक काढल्यावरही दिवस राहतात, तेही नीट विचारून घेतलं. मावशीच्या वेळचं तुमच्या डोक्यात येणार हे माहितेय. तेव्हा कळलं कधी, आणि मला कळलं कधी, एवढाच फरक धरा.

मागच्या सोमवारी इंजेक्शन घेतलं, वजन-उंचीच्या हिशोबाने ८० मिलिग्रॅम. चौथ्या दिवशी आकडा १,८९०! माझे हातपाय गार पडले. पण चौथ्या दिवशी वाढू शकतो म्हणे, बघायचं असतं ते चौथ्या ते सातव्या दिवसातलं, १५ टक्के तरी उतरायला हवा, नाहीतर दुसरं इंजेक्शन किंवा ऑपरेशन. त्या गुरुवारी रात्री दुखलं पण खूप. मी लहानपणी ताप आला की तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचे ना, तसा निलेशचा शर्ट धरून बसले होते. अकरा वाजता जाऊन सोनोग्राफी केली, रक्त नव्हतं. औषधामुळेही असं दुखतं. काल सातव्या दिवसाचा रिपोर्ट आला, १,४३०. जवळजवळ चोवीस टक्के खाली!

आता शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त, त्यात काही आठवडे जातील. आणि आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. एकदम जोरात दुखलं, चक्कर आली, किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं (आत रक्त साचलं की तिथे कळ येते) तर तडक हॉस्पिटल. रात्री जयगडची फेरीबोट बंद, बाबा, तवसाळच्या धक्क्यावर उभं राहून काय करणार होते मी?

आई, तू आठवण करायचीस ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सध्या बंद, ती या औषधाच्या उलट काम करते. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, तुझी ती सांधेदुखीची गोळी नाही. ऊन टाळायचंय, ते पावसाने आपणहून जमवलंय. तीन महिने तरी परत दिवस राहू द्यायचे नाहीत, त्यामुळे कोणी विचारलं तर हसून विषय बदल.

मोदकांचं वहिनीला सांग, तिच्या कळ्या माझ्यापेक्षा बऱ्या पडतात. बाबा, मंडपी बांधायला स्टुलावर चढायचं नाही, दादाला चढू दे, आणि बीपीची गोळी आरतीच्या आधी. इकडे लगेच निघून येऊ नका, घरात गणपती आहे. विसर्जन झालं की ये आई, चार दिवस रहा, कुळथाचं पीठ घेऊन ये.

पुढचं रक्त रविवारी, आकडा मीच फोन करून सांगेन.

तुमची,
बायो

(आजीला एवढ्यात सांगू नका.)